शेजाऱ्यासोबतचा गिव्हअवे: जी अट तपासता येत नाही, ती ठेवू नका

प्रश्न: माझे पुस्तकांचे दुकान आहे आणि शेजारी चष्म्यांचे. आम्ही दोघांनी मिळून इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर गिव्हअवे करायचे ठरवले आहे. मजकूर असा तयार केला आहे: ‘दोन्ही पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, पोस्ट स्टोरीला शेअर करा, गुगलवर पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा आणि जिंका पुस्तकांचा संच व मोफत चष्मा! खरेदी करणाऱ्यांना एक जादा संधी.’ दुसरे बक्षीस रोख द्यावे, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. ओळखीतल्या एकाचे पेज अशाच योजनेनंतर काही दिवस अडकले होते, म्हणून धास्ती वाटते. यात कुठे अडचण येईल? — एक पुस्तकविक्रेती

उत्तर: नमस्कार. सर्वांत आधी गुगलच्या ताऱ्यांची अट काढून टाका, कारण बाकीच्या अटींबाबत निदान चर्चा करता येते, हिच्याबाबत तीही करता येत नाही. पैसे, सवलत किंवा फुकट वस्तू यांच्या बदल्यात लिहून घेतलेले अभिप्राय गुगलच्या धोरणात सरळ निषिद्ध आहेत. तारे पाच मागितले की ‘प्रामाणिक मत द्या’ म्हटले, याने फरक पडत नाही. मोबदला देऊ केला इथेच नियम मोडला. परिणामी ते अभिप्राय काढले जातातच, शिवाय काही काळ नवे अभिप्राय स्वीकारणे बंद होऊ शकते आणि या दुकानाचे संशयास्पद अभिप्राय काढून टाकले आहेत, अशी सूचना नकाशावरच्या पानावर झळकू शकते. स्क्रीनशॉट मागवून तर आपण आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करणार आहात. दोन दुकानांसाठी अभिप्राय मागितले, तर दोन्ही दुकाने एकदम अडकतील.

खरेदीवर जादा संधी ही दुसरी काढून टाकायची गोष्ट. इथे प्रश्न प्लॅटफॉर्मपेक्षा कायद्याचा आहे. बक्षीस, नशिबावर ठरणारी निवड आणि सहभागासाठी द्यावा लागणारा मोबदला, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनेक देशांचे कायदे त्या योजनेकडे लॉटरी म्हणून पाहतात आणि लॉटरी कोणालाही परवान्याशिवाय काढता येत नाही. चिठ्ठी काढून विजेता निवडायचा असेल, तर खरेदीची अट गळली पाहिजे. म्हणजे तिन्हींपैकी एक पाय निघाला आणि लॉटरीची तिवई उभी राहत नाही. बक्षिसावरील कर आणि सहभागाचे किमान वय यांसाठी मात्र आपल्या करसल्लागाराला एकदा विचारून घ्या, कारण इन्स्टाग्राम आणि फेसबुक या दोघांनीही कायदेशीर जबाबदारी पूर्णपणे आयोजकावर टाकलेली आहे.

रोख रकमेबद्दल शेजाऱ्यांना माझा स्पष्ट नकार कळवा. लाइक, फॉलोअर, कमेंट किंवा तत्सम प्रतिसादाच्या बदल्यात पैसे किंवा पैशांचा गिव्हअवे देऊ करू नका, असे इन्स्टाग्रामच्या सामुदायिक नियमांत बजावलेले आहे. वस्तूचे बक्षीस चालते, पण नोटांचे चालत नाही. तसेही पुस्तकांचा संच त्यालाच हवा असतो ज्याला वाचायचे आहे. रोख रक्कम मात्र जगातल्या प्रत्येकाला हवी असते आणि तिच्यामागे येणारी गर्दी दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानाचे नावही विसरलेली असते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या ओळखीच्या व्यक्तीचे पेज नेमके का अडकले, हे मला सांगता येणार नाही. पण दोन प्लॅटफॉर्मवर एकच मजकूर टाकणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक कोणती, हे सांगता येईल. इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकाच कंपनीचे असले, तरी गिव्हअवेबाबतचे त्यांचे नियम सारखे नाहीत. फेसबुकवर अशी योजना पेज, ग्रुप किंवा इव्हेंटमधून चालवता येते, पण व्यक्तीची स्वतःची टाइमलाइन आणि तिची मैत्रीची जोडणी यांचा वापर सहभागासाठी करता येत नाही. फेसबुकने नियमात उदाहरणे देऊनच सांगितले आहे: भाग घेण्यासाठी पोस्ट आपल्या टाइमलाइनवर शेअर करा, जादा संधीसाठी मित्राच्या टाइमलाइनवर शेअर करा, भाग घेण्यासाठी मित्रांना टॅग करा, या तिन्ही अटी तिथे चालत नाहीत. पेजवरच्या पोस्टला लाइक करणे, तिच्यावर कमेंट करणे किंवा पेजला संदेश पाठवणे, हे चालते. इन्स्टाग्रामच्या नियमात मात्र चुकीच्या टॅगिंगला मनाई आहे, म्हणजे फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला लावू नये. कमेंटमध्ये मित्राचे नाव लिहायला सांगण्याचा तिथे असा थेट उल्लेख नाही, म्हणून ती प्रथा सर्रास दिसते.

गंमत अशी, की इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकताना ती फेसबुकवरही आपोआप जावी, अशी सोय बहुतेक दुकानदारांनी कधीतरी सुरू करून ठेवलेली असते आणि नंतर ती विसरलेली असते. इन्स्टाग्रामवर खपून गेलेला ‘तीन मित्रांना टॅग करा’ हा शब्दप्रयोग त्या वाटेने जशाच्या तसा फेसबुकच्या पेजवर जाऊन बसतो आणि तिथे तो उघड नियमभंग ठरतो. त्यात भर म्हणजे, टॅग करा, शेअर करा, लाइक करा असे आर्जव करणाऱ्या पोस्टची पोहोच कमी करण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे कारवाई झाली नाही, तरी जी पोस्ट लोकांपर्यंत जावी म्हणून आपण अट घातली, त्याच अटीमुळे ती कमी लोकांना दिसते.

माझा सल्ला असा, की सहभाग फक्त इन्स्टाग्रामवरच घ्यावा. फेसबुकवर वेगळा, छोटा मजकूर लिहून योजना कुठे चालू आहे एवढेच सांगावे आणि आपोआप शेअर होण्याची सोय त्या पोस्टपुरती बंद करावी. एकाच ठिकाणी नोंदी आल्या, की नियम एकच राहतो, यादी एकच राहते आणि ‘मी फेसबुकवर कमेंट केली होती, माझे नाव कुठे आहे?’ हा वाद मुळातच उद्भवत नाही.

स्टोरीला शेअर करण्याची अट नियमाने अडत नाही, ती व्यवहारात अडते. स्टोरी २४ तासांत नाहीशी होते. ज्याचे खाते प्रायव्हेट आहे आणि ज्याला आपण फॉलो करत नाही, त्याची स्टोरी आपल्याला दिसतच नाही. काही वर्षांपूर्वी दोन व्यावसायिकांच्या अशाच एका योजनेची आखणी मी करून दिली होती आणि हीच अट हौसेने ठेवली होती. सातव्या दिवशी निघालेल्या विजेतीने स्टोरी ठेवली होती की नाही, हे सिद्ध करायला आम्हा तिघांपैकी कोणाकडेही काही नव्हते. ती ठेवली म्हणत होती, दुसरी एक सहभागी ‘हिने ठेवलीच नव्हती’ असे सगळ्यांसमोर लिहीत होती. बक्षीस अखेर त्या विजेतीलाच दिले, पण पोस्टखाली जे रामायण घडले ते कुणाच्याच धंद्याला शोभणारे नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारतो: योजना संपल्यावर आठवड्याने ही अट पाळली गेली होती की नाही, ते मला पाहता येईल का?

या कसोटीवर फॉलोची अटही लंगडी पडते. विजेता आज फॉलो करतो आहे का, हे फॉलोअरच्या यादीत नाव शोधून कळते. पण त्याने योजनेच्या मुदतीत फॉलो केले की निकालाच्या दिवशी, हे कळत नाही, कारण तारीख तिथे दिसत नाही. म्हणून फॉलोची विनंती करा, ती अट करू नका. शेजाऱ्यांना हे पटणे अवघड जाईल, कारण संयुक्त गिव्हअवे म्हणजे एकमेकांचे फॉलोअर वाटून घेणे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. त्यांना सांगा, की हे काम कोलॅब पोस्ट अटीशिवायही करते.

कोलॅब पोस्ट ही सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये आणली आणि आपल्यासारख्या जोडीसाठी ती अगदी चपखल आहे. एका खात्याने पोस्ट तयार करायची, टाकण्याआधी दुसऱ्या खात्याला कोलॅबचे आमंत्रण द्यायचे. त्यांनी ते स्वीकारले, की तीच एक पोस्ट दोन्ही खात्यांवर, दोन्ही नावांनी दिसते आणि लाइक व कमेंट एकाच जागी जमा होतात. दोन वेगळ्या पोस्ट टाकल्या असत्या, तर एकाच माणसाची नोंद दोनदा मोजली जाण्याचा धोका होता, तो इथे टळतो. दोन गोष्टी मात्र आधीच ध्यानात घ्या. आमंत्रण स्वीकारेपर्यंत पोस्ट दुसऱ्या खात्यावर दिसत नाही, त्यामुळे ती टाकताना शेजाऱ्यांनी फोन हातात घेऊन बसावे. आणि पोस्टची खरी मालकी ज्याने टाकली त्याच्याकडे राहते. त्याने ती काढली, तर सगळ्या कमेंटसह दोन्हीकडून जाते. म्हणून पोस्ट कोणी टाकायची हे नीट ठरवा आणि मुदत संपल्या क्षणी कमेंटची यादी दोघांनीही आपापल्याकडे उतरवून घ्या.

उरली सहभागाची रीत. कमेंट ही सार्वजनिक असते, टिकते आणि तिच्यावर नाव असते, म्हणून तीच एकमेव अट ठेवा. पण ‘कमेंट करा’ एवढेच न म्हणता असे काही विचारा, की उत्तरात दोन्ही दुकानांचा संबंध येईल. ‘कोणते पुस्तक आपण चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्याल?’ असा प्रश्न चालेल. अशा प्रश्नाला केवळ गिव्हअवे हुंगत फिरणारी खाती सहसा धड उत्तर देत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात कोणती पुस्तके मागवावीत, याचा अंदाज आपल्याला फुकटात मिळतो. मात्र उत्तर आवडले म्हणून विजेता निवडणार, की चिठ्ठी काढून, हे मजकुरात स्पष्ट लिहा. ‘सर्वोत्तम उत्तराला बक्षीस’ म्हणायचे आणि निवड चिठ्ठीने करायची, ही गल्लत मी अनेकदा पाहिली आहे.

नियमांचा मजकूर पोस्टच्या खालीच बसवा. मजकुराची मर्यादा २,२०० चिन्हांची आहे, तेवढ्यात हे सहज मावते:

‘ही योजना आम्ही दोन दुकाने मिळून चालवत आहोत. भाग घेण्यासाठी या पोस्टवर एका कमेंटमध्ये प्रश्नाचे उत्तर लिहा. खरेदीची अट नाही. एका व्यक्तीची एकच नोंद धरली जाईल. अनेक कमेंट केल्यास पहिली ग्राह्य. भाग घेणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि बक्षीस दुकानातून प्रत्यक्ष नेता येणे आवश्यक आहे. दोन्ही दुकानांचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय पात्र नाहीत. मुदत रविवारी रात्री ९ वाजेपर्यंत. विजेता सोमवारी चिठ्ठी पद्धतीने निवडला जाईल आणि त्याची घोषणा याच पोस्टवर होईल. ७२ तासांत प्रतिसाद न आल्यास पर्यायी विजेत्याला बक्षीस दिले जाईल. आम्ही विजेत्याकडून पैसे, कार्डाची माहिती किंवा ओटीपी कधीही मागत नाही. या योजनेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही. ती इन्स्टाग्रामने प्रायोजित, पुरस्कृत किंवा संचालित केलेली नाही आणि भाग घेणारी व्यक्ती या योजनेबाबतच्या सर्व दायित्वांतून इन्स्टाग्रामला पूर्णपणे मुक्त करते.’

शेवटचे वाक्य कोरडे वाटले, तरी ते गाळू नका. इन्स्टाग्रामच्या नियमांनुसार संबंध नसल्याचा असा खुलासा आणि दायित्वमुक्ती, हे दोन्ही मजकुरात असणे बंधनकारक आहे. फेसबुकचीही तशीच अपेक्षा आहे, म्हणून तिथल्या छोट्या पोस्टमध्ये हेच वाक्य फेसबुकच्या नावासह घाला. वार लिहिला आहे तिथे आपण पूर्ण तारीख लिहालच. पोस्ट टाकण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही प्लॅटफॉर्मच्या मदत विभागात जाऊन या विषयाचे पान एकदा वाचा, कारण शब्दरचना अधूनमधून बदलत असते.

‘मोफत चष्मा’ या दोन शब्दांबद्दल मला आपल्या शेजाऱ्यांशी जरा सविस्तर बोलायला आवडले असते. चष्मा म्हणजे केवळ फ्रेम, की फ्रेम आणि काचा? काचा असतील, तर एकाच नंबरच्या साध्या, की जवळचे-लांबचे एकत्र पाहता येणाऱ्या प्रोग्रेसिव्ह? साध्या काचा आणि प्रोग्रेसिव्ह काचा यांच्या किमतीत किती अंतर असते, हे ते स्वतः रोज ग्राहकांना समजावत असतील. विजेता हक्काने प्रोग्रेसिव्ह काचा मागायला आला, की बक्षिसाचा खर्च ठरवलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणून ‘दुकानातील अमुक मालिकेतील एक फ्रेम आणि एका नंबरच्या साध्या काचा, अन्य काचा हव्या असल्यास फरकाची रक्कम विजेत्याने भरावी’ असे लिहा. फरक भरण्याची सोय ऐच्छिक आहे, हेही त्या वाक्यातच आले पाहिजे. आपल्या संचातही किती पुस्तके आहेत आणि ती ठरलेली आहेत की निवडीची, हे लिहा. विजेत्याच्या डोळ्यांचा नंबर ही खासगी बाब आहे. ती कमेंटमध्ये किंवा संदेशात विचारू नका, दुकानात तपासणीच्या वेळी पाहता येईल.

सोमवारची निवड कशी करायची, ते आता पाहू. समजा, पोस्टखाली कमेंटचा आकडा २४० दिसतो आहे. या आकड्यात एकमेकांना दिलेली उत्तरेही धरलेली असतात, त्यामुळे मुळात नोंदी तेवढ्या नसतातच. सगळ्या कमेंट उघडून वापरकर्त्यांची नावे एक्सेलसारख्या तक्त्यात क्रमाने उतरवा. यादीच्या तळाशी लपवलेल्या कमेंट पाहण्याचा पर्याय असेल, तर तोही उघडा, कारण इन्स्टाग्राम काही कमेंट आपल्या समजुतीने संशयास्पद ठरवून बाजूला ठेवते आणि त्यांत खरी माणसे असू शकतात. मग दुबार नावे, दोन्ही दुकानांची माणसे आणि प्रश्नाचे उत्तर न देता नुसतीच चिन्हे टाकणारे वगळा. १८७ नावे उरली, असे धरू. त्यांना १ ते १८७ क्रमांक द्या आणि रिकाम्या चौकटीत हे सूत्र लिहा:

```
=RANDBETWEEN(1,187)
```

जो आकडा येईल, तो विजेत्याचा क्रमांक. इथे एक खोच आहे. तक्त्यात दुसरीकडे कुठेही काही लिहिले, की हे सूत्र पुन्हा चालते आणि आकडा बदलतो. विजेता ५२ क्रमांकाचा निघाला म्हणून त्याच्या नावापुढे शेरा लिहायला जावे आणि चौकटीत १३१ दिसावा, असे होते. मग तो प्रसंग पाहणाऱ्याला काय वाटेल, ते सांगायला नको. त्यामुळे यादी आणि सूत्र दोन्ही दिसतील, असे स्क्रीनचे रेकॉर्डिंग सुरू करा, दोघेही समोर असताना सूत्र एकदाच चालवा आणि आलेला आकडा लगेच कागदावर लिहून दोघांनी सही करा. त्यानंतर त्याच पद्धतीने दोन पर्यायी विजेते काढून ठेवा.

विजेत्याला केवळ संदेश पाठवून थांबू नका. त्याने आपल्याला फॉलो केलेले नसेल, तर संदेश विनंत्यांच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि ७२ तास कोणी पाहत नाही. त्याच्या कमेंटखालीच उत्तर द्या आणि मग संदेश पाठवा. हरलेल्या १८६ जणांना एकसारखे ‘पुढच्या वेळी नक्की’ असे संदेश पाठवण्याचा मोह आवरा. एका दमात पाठवलेले सारखे संदेश स्पॅमसारखे दिसतात आणि खात्यावरची ती सोय काही काळ बंद पडू शकते.

योजना चालू असतानाच आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या नावात एखादे टिंब किंवा अधोरेषा वाढवून, तोच फोटो लावून कोणीतरी नवे खाते उघडील आणि कमेंट करणाऱ्यांना ‘आपण जिंकलात, ही लिंक उघडा’ असे कळवील, ही शक्यता गृहीत धरा. छोट्या योजनांतही हे होते. रोज सकाळी दोघांनीही एकमेकांच्या नावाने शोध घ्यावा. असे खाते दिसले, तर दोघांनीही तोतयेगिरी म्हणून तक्रार करावी आणि त्याच पोस्टखाली पिन केलेल्या कमेंटमध्ये खरी दोन नावे पुन्हा लिहावीत.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यांशी एका पानाचा करार करा. शेजारधर्म आहे, लिहून कशाला घ्यायचे, असे वाटेल. पण त्या पानात चारच गोष्टी हव्यात. बक्षिसाचा कोणता भाग कोणी द्यायचा आणि एकाने ऐनवेळी माघार घेतली, तर दुसऱ्याने संपूर्ण बक्षीस द्यायचे की नाही. पोस्ट कोणी टाकायची आणि मुदत संपल्यावर किमान किती काळ ती काढायची नाही. मी तीन महिने म्हणेन. तक्रारीला उत्तर कोणी द्यायचे, कारण पोस्टवर दोन नावे असल्याने सहभागी माणूस दोघांनाही जबाबदार धरणार. आणि विजेत्याचा फोन नंबर बक्षीस देण्यापलीकडे कोणीही वापरायचा नाही. या चौथ्या मुद्द्यावर ‘निदान ग्राहकांचे नंबर तरी जमा करू’ असा आग्रह झाला, तर त्यासाठी वेगळी संमती घ्यावी लागेल आणि ती या योजनेची अट असता कामा नये, असे सांगा.

आपण आखलेल्या मजकुरातून अशा रीतीने पाचही अटी गेल्या आणि एक प्रश्न उरला. नवा मजकूर पूर्ण झाला, की पोस्ट टाकण्यापूर्वी दोघांनीही तो शांतपणे वाचावा आणि मग शेजाऱ्यांनी सगळ्यात हटवादी ग्राहकाच्या थाटात आपल्याला विचारावे: ‘मी जिंकलो, तर मला नक्की काय, कुठे आणि किती दिवसांत मिळणार?’ याचे उत्तर पोस्टवर बोट ठेवून दाखवता आले नाही, तर त्या दिवशी पोस्ट टाकू नका.